म्हाताऱ्याच्या भूमिकेत

सविता गावितचा जन्म सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर झाला. तिला काही कळायच्या आतच बाप गेला. भिका त्याचं नाव. पावसाळ्यात स्वतःची नागली आणि थोडा भात, दिवाळी झाली की पाड्यातल्या सगळ्यांबरोबर खाली द्राक्षबागांत मजुरी, असं त्याचं वर्ष जायचं. एका उन्हाळ्यात तो पिंपळगावच्या बाजूला विहिरीच्या खोदकामावर गेला आणि वरून दरड कोसळली. सविता तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. घरात त्याचं म्हणून जे उरलं ते एक मतदान ओळखपत्र. त्यावरचा फोटो इतका काळवंडलेला की कपाळ आणि कान सोडले तर काही कळत नसे.

आई चिमणाबाईने दुसरं लग्न केलं नाही. ती बागांत राबत राहिली आणि पोरीला तिने आश्रमशाळेत घातलं. सविता सुट्टीत घरी आली की दोघी चुलीपुढे बसायच्या. बापाबद्दल विचारलं तर चिमणाबाई फार बोलत नसे, पण एक गोष्ट मात्र ती दर वेळी सांगायची. शहरातून एक सर पाड्यावर यायचे, त्यांनी पाड्यातल्या माणसांना घेऊन नाटक बसवलं होतं. नाशकात, लाईटींच्या उजेडात, त्यांनी ते केलं होतं. तुझा बाप त्यात म्हातारा झाला होता, मी सून. नाटकाची शूटिंगसुद्धा झाली होती.

"कुठं असंल ती शूटिंग?" सविता विचारायची.

"नाशकात असंल," आई म्हणायची. नाशिक म्हणजे तिच्या लेखी एक मोठी पेटी होती, जिच्यात काय वाटेल ते असू शकत होतं.

पुढे सविता नाशकातच वसतिगृहात राहून शिकली. मराठी घेऊन बी. ए. झाली, मग ग्रंथालयशास्त्र केलं. दोन वर्षं एका महाविद्यालयात पुस्तकांवर चिकटपट्ट्या लावण्यात गेली. मग इंदिरानगरमधल्या एका नाट्यसंस्थेत तिला कराराचं काम मिळालं. जिल्ह्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालेल्या नाटकांच्या जुन्या कॅसेटी संस्थेकडे जमल्या होत्या. कोणी घर बदलताना आणून दिल्या, कोणाचे वडील गेल्यावर माळ्यावरून निघाल्या. त्यांचं संगणकावर रूपांतर करून संस्थेने 'रंगठेवा' नावाचं संकेतस्थळ उघडलं होतं. नाटकवेड्या माणसाने घरबसल्या नाटक शोधावं आणि पाहावं, एवढाच त्यामागचा हेतू.

पण शोधायचं कसं? कॅसेट म्हणजे काही पुस्तक नव्हे, की उघडून चाळता येईल. दोन-अडीच तासांच्या चित्रणाच्या पोटात काय आहे, हे संगणकाला आपलं आपण कळत नाही. कोणीतरी बसून त्याची नोंद करावी लागते. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलावंत आणि त्यांच्या भूमिका, भाषा, कालावधी, प्रयोगाची तारीख, स्थळ. शोधणारा माणूस या नोंदीतच शोधत असतो. नोंद चुकली तर कॅसेट असून नसल्यासारखी. सविताचं काम तेच होतं.

रुजू झाल्या दिवशीच तिने, कोणी बघत नाही असं पाहून, शोधाच्या चौकटीत 'भिका गावित' लिहिलं. काही आलं नाही. 'गावीत' असं दीर्घ वेलांटीने लिहून पाहिलं, इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं. चिमणाबाई गावित, तेही नाही. नाटकाचं नाव आईला सांगता येत नव्हतं, ती त्याला द्राक्षाचं नाटक म्हणायची. सविताने 'द्राक्ष' लिहिलं तर मुंबईच्या कलावंतांचं एक विनोदी नाटक समोर आलं.

थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की नाव सापडलं नाही म्हणून नाटक नाहीच, असं म्हणायची सोय नव्हती. आधीच्या नोंदी सुट्टीत कामाला घेतलेल्या मुलांनी केल्या होत्या, कॅसेटच्या डब्यावर जे लिहिलं होतं ते उतरवून. भाषेच्या रकान्यात जिथे तिथे मराठी. कलावंतांत पहिली दोन-तीन नावं आणि पुढे 'व इतर'. प्रयोगाची तारीख म्हणून पुष्कळ ठिकाणी कॅसेट संगणकावर घेतली त्या दिवसाची तारीख पडली होती, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नाटकं गेल्या वर्षी झाल्यासारखी दिसत. कालावधी म्हणजे फाईलची लांबी, मग तिच्यात सत्कार, मध्यंतर आणि शेवटची कोरी फीत सगळं आलं.

प्रकल्पाचं काम पाहणारा हर्षल तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, स्वतः नाटकांची प्रकाशयोजना करणारा. सविता त्याला हर्षल सर म्हणायची. तिने त्याला या सगळ्या चुका दाखवल्या तेव्हा त्याने कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून सगळ्या नोंदी तपासायला सांगितल्या. त्याची एकच अट होती. जे चित्रणात दिसतं आणि ऐकू येतं त्यावर विसंबायचं, छापील पत्रक हाताशी धरायचं पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. पत्रकात ठरलेली माणसं असतात. ऐन वेळी कोणाला ताप येतो, कोणी भांडून जातो, आणि रंगमंचावर दुसराच उभा राहतो. सविताला हे इतकं पटलं की पुढे नवीन आलेल्यांना तीच ते बजावून सांगू लागली.

एका दुपारी तिच्यापुढे एका एकांकिका महोत्सवाची कॅसेट आली. नोंद एकाच एकांकिकेची होती आणि कालावधी लिहिला होता सव्वादोन तास. सविता थबकली. एकांकिका फार तर तासाभराची असते, ही एवढी कशी लांबली? तिने फाईल उघडून पुढे सरकवली. पहिली एकांकिका पाऊण तासाने संपली, टाळ्या झाल्या, पडद्यावर बराच वेळ नुसते पांढरे ठिपके भुरभुरत राहिले. आणि मग पुन्हा रंगमंच उजळला, मधूनच सुरू झाल्यासारखा. कुडाच्या भिंतींची दोन-तीन बंद दारं उभी केली होती. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली, पाटी उतरवताना डावा खांदा किंचित झुकवून.

तो खांदा सविताने जन्मभर पाहिला होता.

बाई तरुण होती, बारीक होती, आणि सविताच्या घरच्या भाषेत बोलत होती. मराठी नव्हे, कोकणी. गोव्याची नव्हे, सुरगाणा-पेठ आणि पलीकडच्या डांगच्या डोंगरातली. संस्थेच्या त्या खोलीत ती भाषा आजवर कोणी बोललं नव्हतं, सवितासुद्धा नाही.

मग दारांमागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा काठी टेकत आला. आधी खाकरला, मग म्हणाला, "घर कोन राखील?"

सविताने चित्रण थांबवलं. डब्यात महोत्सवाचं घडी घातलेलं पत्रक होतं. नोव्हेंबर १९९९. दुसऱ्या दिवसाच्या एकांकिकांत तिसरं नाव होतं 'राखण'. लेखक आणि दिग्दर्शक ढुंढिराज गर्गे. म्हातारा – भिका गावित. सून – चिमणाबाई गावित. खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भूमिकांत गोटीराम, फुलाबाई आणि आणखी चार-पाच नावं.

सविता उठून बाहेरच्या नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसली. बापाचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

नाटक साधंच होतं. दिवाळीनंतर सगळा पाडा खाली मजुरीला निघतो. म्हातारा एकटा मागे राहतो आणि बंद घरांच्या दारांपुढे बसून घरच्या माणसांची नावं घेऊन त्यांच्याशी बोलतो. लेकरांना रागे भरतो, सुनेला चहा मागतो, भांडण झालेल्या शेजाऱ्याशी समेट करतो. दारं बंदच असतात. सविताने ते त्या आठवड्यात कितीदा ऐकलं याला मोजदाद नव्हती. म्हाताऱ्याचं ते खाकरणं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडणं, 'पोसी' म्हणताना, म्हणजे पोरीला हाक मारताना, त्याचा मऊ होणारा सूर. नाटकातली पोसी म्हणजे सून होती, पण सविताला ती हाक आपल्यालाच आहे असं वाटायचं. रस्त्याने चालताना ती ते शब्द मनातल्या मनात म्हणायची. आपला बाप असा बोलायचा, हे सत्ताविसाव्या वर्षी कळलेल्या माणसाचं जे होईल ते तिचं झालं.

नोंद तिने फार जपून केली. एकाच कॅसेटवर दोन कृती म्हणून दोन वेगळ्या नोंदी, दोन्हींत कॅसेटचा क्रमांक तोच, आणि प्रत्येक नाटक फाईलमध्ये कुठे सुरू होतं ते लिहिलेलं. 'राखण'चा कालावधी अठ्ठावन्न मिनिटं, सुरुवात त्रुटित. भाषेपाशी ती अडली. यादीत 'कोंकणी' होती, पण ती गोव्याची. ती निवडली असती तर पणजीचा रसिक फसला असता आणि सुरगाण्याच्या माणसाला नाटक सापडलं नसतं. हर्षलने शोधून काढलं की भाषांच्या जागतिक यादीत या भाषेला कुकणा नावाने स्वतंत्र खूण आहे. त्याने ती संकेतस्थळावर घातली, आणि कोकणी, कोकणा, डांगी अशा बोलण्यातल्या नावांनीही ती सापडेल अशी सोय केली. सविताने भाषा बदलली. तारीख लिहिली, नोव्हेंबर १९९९. कलावंतांत पहिलं नाव लिहिलं: म्हातारा – भिका गावित. नागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत. मग शोधाच्या चौकटीत जाऊन तिने तेच नाव टाकलं, आणि ते आलं.

चिमणाबाई पाड्यावर होती. तिथे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागे, आणि चिमणाबाईला आता टेकडी चढता येत नव्हती. काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू नेले होते. दुखत नव्हतं म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. सविताला कळलं तोवर डॉक्टरांच्या हातात गेलेली नजर परत आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. उजेड-अंधार तेवढा समजायचा. सविताने शनिवारी जाऊन तिला एसटीने नाशकात आणलं. कशाला, ते सांगितलं नाही. डोळ्याचे थेंब संपलेत, दाखवून येऊ, एवढंच म्हणाली.

संस्थेत त्या दिवशी हर्षल होता, तो खुर्ची देऊन बाजूला उभा राहिला. सविताने आईच्या कानांवर हेडफोन न लावता आवाज मोठा केला, कारण तिला स्वतःलाही आईबरोबर ऐकायचं होतं.

पाटी आपटल्याचा आवाज झाला, आणि तरुण चिमणाबाईचं पहिलं वाक्य आलं. म्हातारी झालेली चिमणाबाई ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"ही मी," ती म्हणाली.

मग काठीचा आवाज. मग ते खाकरणं. "घर कोन राखील?"

सविता आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला वाटलं होतं आई रडेल, किंवा हसेल, किंवा हात पुढे करेल. तसं काही झालं नाही. चिमणाबाईने मान थोडी तिरपी केली आणि ऐकत राहिली. फुलाबाईचा आवाज आला तेव्हा तिचं नाव घेतलं. आणखी एक पोरगा बोलला, त्याचंही नाव घेतलं, तो वारला म्हणून सांगितलं. म्हातारा पुन्हा बोलला तेव्हा मात्र तिने कोणाचंच नाव घेतलं नाही.

"आई, बा बोलतोय ना," सविताच म्हणाली.

चिमणाबाईने लेकीचा हात चाचपून धरला. "नाय, सवी. हा गोटीराम हाय."

सविताला वाटलं आईला ओळख पटली नाही, इतकी वर्षं झाली, डोळे नाहीत. तिने पत्रक वाचून दाखवलं. नोव्हेंबर, महोत्सव, म्हातारा – भिका गावित. चिमणाबाई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "माझ्या कपाळाला बघ. कुकू हाय का?"

सविताने चित्रण मागे नेलं, थांबवलं, मोठं केलं. चित्र फुटलं, तरी कपाळ दिसत होतं. आठवडाभर तिने ते पाहिलं होतं आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. हातात बांगडी नव्हती. कपाळ मोकळं होतं.

"नाय," ती म्हणाली.

"मग तो गेल्यावरचं हाय हे."

त्यानंतर चिमणाबाईने जे सांगितलं ते तिने लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. नाटक नाशकात दोनदा झालं. दिवाळीनंतर पहिल्यांदा, तेव्हा भिका होता, आणि लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. पण शूटिंगवाला त्या दिवशी आला तो आधीच्या एका नाटकाचीच शूटिंग करून निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात सरांनी दुसरा खेळ ठरवला, शूटिंगचं पक्कं केलं, सगळ्यांना कळवलं. आणि मधे ती विहीर झाली. सर पाड्यावर आले, खेळ नको म्हणाले. चिमणाबाईच करायचा म्हणाली. गोटीरामला म्हाताऱ्याचं सगळं बोलणं तोंडपाठ होतं, रोज तालमीला बसायचा. तो उभा राहिला.

"सर म्हनले, नाटकातली सून हाय, कुकू लाव. मी नाय लावलं," चिमणाबाई म्हणाली. "बोलनं तुझ्या बापाचंच व्हतं सगळं. सरांनी मराठीत लिवून आनलं, त्यानं आपल्या बोलीत आनलं. दुसऱ्या बाईनं ते बोललं असतं आन् मी घरी बसले असते, तर मला सोसलं नसतं."

सविताने विचारलं, मग दर वेळी सांगायचीस तेव्हा हे का नाही सांगितलंस?  तू लहान होतीस, चिमणाबाई म्हणाली. नाटक केलं ते खरंच होतं, शूटिंग झाली तेही खरंच होतं, त्या दोन गोष्टी पोरीने एकत्र जोडल्या आणि तिने त्या सोडवल्या नाहीत, इतकंच.

हर्षल केव्हाच खोलीबाहेर गेला होता. सविताने बाकीचं नाटक आईला ऐकवलं, कारण आईला ते संपेपर्यंत ऐकायचं होतं. एका ठिकाणी चिमणाबाई स्वतःच्या वाक्यावर पुटपुटली, दोन आवाज एकावर एक पडले.

संध्याकाळी खोलीवर भाकरी खाताना सविताने तिला विचारलं, "बा कसं म्हणायचा गं ते? घर कोन राखील?"

चिमणाबाईने घास हातात धरून विचार केला. तोंड उघडलं, तसंच राहू दिलं. पुन्हा प्रयत्न केला. "गोटीरामसारखं नाय," ती म्हणाली. मग घास खाली ठेवून म्हणाली, "आज ऐकलं ना, तर आता गोटीरामचंच कानात बसलं. त्याचं गेलं."

 आईला इथे आणायला नको होतं, हे सविताला तेव्हा वाटलं आणि पुढेही कैक दिवस वाटत राहिलं.

सोमवारी ती कामावर गेली. नोंद उघडली. कलावंतांच्या रकान्यात पहिलंच नाव होतं आणि ते खोडायचं होतं. दुसऱ्या कोणाची नोंद असती तर पुराव्यासकट चूक दाखवून तिने एका झटक्यात ती सुधारली असती. ती तशीच बसून राहिली. मनात आलं, कोणाला कळणार आहे? पत्रकात नाव आहे. दाढी लावलेला माणूस आहे. जगात दोन-तीन माणसं सोडली तर कोण सांगेल, हा भिका नाही म्हणून?  दुपारी हर्षलने चहा आणून ठेवला आणि तो म्हणाला, आज नाही केलं तरी चालेल.

"करायला लागेल, सर," ती म्हणाली.

आधी तिने ढुंढिराज सरांना फोन केला. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पंचवटीतल्या घरी ते एकटेच असायचे. घराणं तीर्थोपाध्यायांचं, यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सांभाळणारं. हे मात्र तरुणपणी त्यातून बाहेर पडून डोंगरात नाटकं करत हिंडले. सविता कोणाची मुलगी हे कळल्यावर त्यांनी आधी चिमणाबाईची चौकशी केली. मग त्यांनी सगळं तसंच सांगितलं, आईने सांगितलं होतं तसं. दुसरा प्रयोग मे २००० मध्ये, एका संस्थेच्या शिबिरात झाला आणि महोत्सवाच्या त्याच कॅसेटीच्या उरलेल्या फितीवर त्याचं चित्रण घेतलं गेलं. तारीख आठवत नव्हती, निमंत्रणपत्रिका उरली नव्हती.

"सुरुवातीला मी बोललो होतो भिकाबद्दल," ते म्हणाले. "संहिता माझी, पण रंगमंचावर जे ऐकाल ते त्याचं आहे, असं म्हणालो होतो. ते आलंय का चित्रणात?"

"नाही सर. सुरुवात कापली गेलीय."

"बाळ, मग ते तेवढं लिही कुठेतरी."

सविताने लिहिलं. लेखक – ढुंढिराज गर्गे. कुकणा बोलीत रूपांतर – भिका गावित, आणि टिपेत आधार दिला: दिग्दर्शक आणि कलावंत चिमणाबाई गावित यांनी सांगितल्यावरून. प्रयोगाची तारीख – मे २०००, दिवस अज्ञात. कॅसेटसोबतचं पत्रक आधीच्या प्रयोगाचं आहे, अशीही एक ओळ. मग ती कलावंतांकडे आली. 'भिका गावित' या अक्षरांवर कर्सर नेला आणि एकेक अक्षर मागून पुसत गेली, एकदम नाही. त्या जागी लिहिलं: म्हातारा – गोटीराम चौधरी.

त्यानंतर काही दिवस ती ते चित्रण उघडत नसे. इतर नाटकं होती. येवल्याच्या एका शाळेतलं नाटक, ओझरच्या कामगारांनी केलेली एक ऐतिहासिक गोष्ट, तिच्यात सरदाराची मिशी दोनदा गळून पडते. ती काम करत राहिली. पण बसमध्ये मागच्या बाकावर कोणी खाकरलं की ती चटकन मागे वळून पाहायची, आणि मग तिला आठवायचं की तो आवाज आपला नाही.

पावसाळा सरता सरता संकेतस्थळावर एक निरोप आला. रूपाली गोटीराम चौधरी, ओझरला एका कॅन्टीनमध्ये काम करते. सहज इंटरनेटवर वडिलांचं नाव टाकून पाहिलं तर नाटक आलं, पण फोनवर नीट चालत नाही, येऊन बघता येईल का? हर्षलने तो निरोप सविताला दाखवला आणि तिची इच्छा नसेल तर मीच तिला भेटतो म्हणाला. सविताने तिला रविवारी बोलावलं.

रूपाली तिच्याहून लहान होती, बावरलेली, नवी चप्पल घालून आलेली. गोटीराम चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला होता, ती म्हणाली. बाप नाटकात होता हे घरात कोणालाच धड माहीत नव्हतं, तो सांगायचाच नाही. पाड्यातल्या कोणी विषय काढलाच तर म्हणायचा, ते माझं नव्हतं, मी नुसता उभा राहिलो होतो.

सविताने नाटक लावलं. काठीचा आवाज झाला, म्हातारा खाकरला, आणि रूपालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "असंच करायचा," ती बोटांआडून म्हणाली. "बोलायच्या आधी असंच. आई चिडायची."

"माहितेय," सविता म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. रूपालीने ते ऐकलं नव्हतं. ती पडद्याकडे झुकली होती.

दोघी शेजारी बसून शेवटपर्यंत पाहत राहिल्या. 'पोसी' म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला तेव्हा रूपाली हमसून हमसून रडली. सविताने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. स्वतःची नजर पडद्यावरच ठेवली. नाटक संपल्यावर रूपालीने खाली नोंद वाचली, ओळीवर बोट ठेवून, हळूहळू, वडिलांच्या नावापाशी थांबून. मग तिचं बोट वरच्या रूपांतराच्या ओळीवर गेलं.

"भिका गावित तुमचे कोण?" तिने विचारलं. "आडनाव तेच आहे म्हणून."

"वडील."

"मग ते कुठले यातले?"

"ते या प्रयोगात नाहीत," सविता म्हणाली. "तुझे वडील जे बोलतायत, ते त्यांचं आहे."

रूपालीने मान हलवली. तिला ते कितपत कळलं कोणास ठाऊक. ती म्हणाली, तिच्या आईलाही हे ऐकवायचंय, घरून कसं लावायचं ते दाखवाल का? सविताने तिचा फोन हातात घेतला, शोधाची चौकट उघडली आणि तिला पहिलं अक्षर कुठे टंकायचं ते दाखवू लागली.